हॉल-किचनमधली भिंत काढायचीय, सेक्रेटरींना पत्र कसं लिहू?

मेधा_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचा २ बीएचके आहे, दुसरा मजला, बिल्डिंग १९९८ ची, स्टिल्ट अधिक सात मजले. हॉल आणि किचनच्या मधली भिंत काढून ओपन किचन करायचंय. इंटिरिअरवालीने थ्रीडी वगैरे सगळं दाखवलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एका दिवसात भिंत खाली. सेक्रेटरी काकांना तोंडी सांगितलं तर ते म्हणाले, "लेखी द्या, कमिटीत ठेवतो." आता लेखी काय द्यायचं? मी हे खरडलंय, बघून सांगा बरोबर आहे का.

"मा. सचिव महोदय, आम्ही आमच्या सदनिकेत अंतर्गत नूतनीकरणाचे काम करू इच्छितो. त्यात रंगकाम, फरशी, इलेक्ट्रिक व हॉल-किचनमधील भिंत काढणे इ. कामे आहेत. कोणालाही त्रास होणार नाही याची काळजी घेऊ. तरी परवानगी द्यावी ही विनंती."

एवढं पुरे ना? काका तसे चांगले आहेत, पण चौथ्या मजल्यावरच्या एकांचा अर्ज दोन महिने पडून आहे म्हणून जरा धाकधूक.

पमा

"भिंत काढणे इ." मधल्या "इ." वर माझा जीव अडकलाय. त्या इ. मध्ये काय काय येणार आहे गं?

निखिल_वाकड

मेधा, पत्रबित्र ठीक आहे पण टेन्शन घेऊ नको. साधा नियम, भिंत साडेचार इंची असेल तर पार्टिशन, काढून टाकायची. नऊ इंची असेल तर भार घेणारी, हात लावायचा नाही. टेप लावून मोज आणि मोकळी हो.

रंगा_कोल्हापूर

आमच्या घराच्या मागच्या बाजूची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत सहा इंच आहे असं तो म्हणतोय, मी पण पत्र द्यायला हवंय का? आमच्याकडे सोसायटी नाही, कुणाला द्यायचं?

पमा

रंगा, तुमची भिंत काढायची नाहीये ना, मग वेगळा धागा काढा. आणि मोजणी आधी करून घ्या, पत्र नंतर.

जुना_सेक्रेटरी

मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, आता सुटलो. मेधाताई, तुमचं पत्र मला आलं असतं तर मी बाजूला ठेवलं असतं, रागाने नाही, त्यात मला ठरवता येईल असं काहीच नाही म्हणून. कमिटीत बसल्यावर पहिला प्रश्न येतो "कुठली भिंत?" तुम्ही लिहिलंय हॉल-किचनमधली. आता कमिटीतल्या सात जणांपैकी तुमच्या घरात तिघेच आलेले. भिंत किती लांब, किती जाडी, तिच्यावर बीम आहे का, पूर्ण काढणार की अर्धी, काहीच कळत नाही. मग एकजण म्हणतो इंजिनियरचं पत्र मागवा, दुसरा म्हणतो आधी वरच्यांना विचारा, तिसऱ्याला घरी जायचं असतं. विषय पुढच्या मीटिंगला. चौथ्या मजल्यावरच्या अर्जाचं असंच झालं असणार, पैजेवर सांगतो.

दुसरं, सेक्रेटरी एकटा परवानगी देऊच शकत नाही. अर्ज त्याच्या नावाने करायचा, निर्णय कमिटीचा, आणि तो इतिवृत्तात लिहायचा. आदर्श उपविधींमध्ये सरळ म्हटलंय की कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत कसलीही वाढ किंवा फेरफार करायचा नाही. काकांनी तोंडी हो म्हटलं तर गोड मानून घ्या पण कागद हातात पडेपर्यंत हातोडा नको.

अमेय_ब

एक मिनिट. फ्लॅट आपला, कर्ज आपण फेडतोय, आतल्या भिंतीला परवानगी कशाला? बाहेरून काही दिसत नाही, एफएसआय वाढत नाही. चार भिंतींच्या आत मी काय करतो तो माझा प्रश्न. सोसायटीचा संबंध कॉमन एरियाशी. हे सगळं कमिटीवाल्यांनी स्वतःचं महत्त्व वाढवायला काढलेलं आहे.

जुना_सेक्रेटरी

अमेय, चार भिंतींच्या आत ठीक आहे, पण तुम्ही चारच्या तीन करताय.

स्लॅबखाली_उभा

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, ठाणे-कल्याण पट्ट्यात बावीस वर्षं हेच काम. सविस्तर लिहितो, कारण वर निखिलनी जे लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असलेलंच जास्त अडचणीत आणतं.

१९९८ ची सात मजली म्हणजे आरसीसी फ्रेम असणार. कॉलम, बीम आणि स्लॅब मिळून सगळा भार खाली नेतात, विटांच्या भिंती फक्त खोल्या करायला. म्हणून साडेचार इंची बहुतेक वेळा पार्टिशनच निघते, इथवर निखिल बरोबर. पण जाडी बघून निर्णय करू नका याची दोन कारणं.

पहिलं, तुमच्या भिंतीच्या टोकाला बघा. त्या काळात कॉलम नऊ इंच रुंदीचे ठेवायचे आणि ते भिंतीत दडवायचे. साडेचार इंची भिंत आठ फूट येते आणि शेवटचा फूट-दीड फूट अचानक जाड होतो, हॉलच्या बाजूला किंवा किचनच्या बाजूला एक खांदा निघालेला दिसतो. तिथे फ्रिज किंवा शोकेस असल्याने वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. तो खांदा म्हणजे कॉलम. थ्रीडीमध्ये इंटिरिअरवाली तो सफाईने पुसून टाकते कारण चित्र छान दिसतं.

दुसरं, भिंतीच्या वर बीम आहे का ते बघा. भिंतीच्या माथ्यावर एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना साडेचार इंचापेक्षा रुंद पट्टा खाली उतरलेला असेल तर तो बीम. तो असेल तर भिंत काढल्याने वरच्या स्लॅबला फरक पडत नाही, त्याचा भार आधीच बीमवर आहे. बीम नसेल, भिंत थेट स्लॅबला टेकलेली असेल, तर मात्र थांबा. डिझाइनमध्ये ती भिंत भार घेत नव्हती हे खरं, पण पंचवीस-सव्वीस वर्षांत स्लॅब थोडा खाली वाकतो आणि अशा भिंतीवर टेकतो. वरच्या मजल्यावर त्याच जागी त्यांचीही भिंत उभी असते, तीही त्याच स्लॅबवर. खालची काढली की स्लॅब आणखी दोन-चार मिलिमीटर बसतो आणि वरच्यांच्या भिंतीत, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. बिल्डिंग पडत नाही, पण भांडण आयुष्यभराचं.

तेव्हा मेधा, आधी टेप घ्या आणि तीन मापं सांगा. भिंतीची एकूण लांबी, दाराच्या कडेला दिसणारी जाडी, आणि दोन्ही टोकांना जाडी बदलते का. वर बीम आहे का तेही.

निखिल_वाकड

ओके काका मान्य. पण माझ्या वाकडच्या नवीन बिल्डिंगमध्ये सोसायटीने सरळ नाही सांगितलं. माझी भिंत तर चार इंची! मग ती काढायला काय प्रॉब्लेम?

स्लॅबखाली_उभा

तुमची मिव्हानची असणार. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटचे ओततात, वीट नसतेच. तिथे कुठली भिंत भार घेते आणि कुठली नुसती पडदा आहे हे जाडीवरून कळत नाही, आरसीसी ड्रॉइंगवरूनच कळतं. बिल्डर म्हणूनच करारात लिहून घेतात की भिंतींना छिन्नी लावू नये, इलेक्ट्रिकची खाचसुद्धा नको. सोसायटीने नाही म्हटलं ते बरोबर केलं.

निखिल_वाकड

अरे देवा. मी एसीच्या पाइपला भोक पाडून घेतलंय 🙈

पमा

कबुलीजबाब धाग्यावर नको, तिथे पण पत्र लिहा.

शुभांगी_डोंबिवली

वरच्या मजल्यावरचं भांडण म्हणाले ना, ते आम्ही. आम्ही तिसरे, दुसऱ्यावाल्यांनी दोन वर्षांपूर्वी हॉल आणि बेडरूम एकत्र केला. कुणाला विचारलं नाही. चौथ्या दिवशी आमच्या बेडरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भेग, केसासारखी, पहिल्यांदा वाटलं रंग उलला. महिनाभरात नख जाईल इतकी. दार घासायला लागलं. त्यांना सांगितलं तर म्हणे तुमचं प्लास्टर जुनं आहे. आणि आमच्याकडे भेग आधी नव्हती याचा एकही फोटो नाही! घरात फोटो असतात ते माणसांचे, कोपऱ्यांचे कुठे असतात. शेवटी एका लग्नाच्या फोटोत नणंदेच्या डोक्यामागे तो कोपरा दिसला, त्यावर आमची केस उभी राहिली. अजून निकाल नाही.

म्हणून मेधा, तुझ्या वरच्यांच्या घरात जाऊन काम सुरू करायच्या आधी फोटो काढ, त्यांच्या समोर. ते तुझ्याच फायद्याचं आहे. उद्या जुनी भेग दाखवून कुणी तुझ्याकडे पैसे मागायला नको.

जुना_सेक्रेटरी

शुभांगीताईंशी सहमत, आणि हे पत्रात लिहा. वरच्या आणि खालच्या सदनिकेचे फोटो संयुक्त पाहणीत काढून एक संच सोसायटीला देऊ. या एका ओळीने कमिटीतल्या निम्म्या लोकांचा विरोध मावळतो, माझा अनुभव आहे.

वैदेही_जर्सी

इकडे न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये मैत्रिणीने बाथरूम केलं, तर अल्टरेशन अ‍ॅग्रीमेंट म्हणून जाडजूड कागद सही करून दिला, कॉन्ट्रॅक्टरच्या विम्याचं सर्टिफिकेट दिलं, बिल्डिंगच्या आर्किटेक्टची फी पण हिनेच भरली. साध्या टाइल्ससाठी. तुमचे काका त्या मानाने देवमाणूस.

अमेय_ब

अमेरिकेत सगळंच असतं. इथे आमच्या सोसायटीने शेजाऱ्याकडून पन्नास हजार डिपॉझिट घेतलं रिनोव्हेशनसाठी. हे बेकायदेशीर आहे, असं कुठलंच डिपॉझिट घेता येत नाही.

जुना_सेक्रेटरी

असं सरसकट नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करून परत देण्याच्या अटीवर अनामत ठेवली असेल तर बहुतेक सोसायट्यांत ती चालते. ठराव नसेल आणि कमिटीने तिथल्या तिथे आकडा फेकला असेल तर विचारा ना, ठराव दाखवा म्हणून. मी आमच्याकडे दहा हजार घेत असे, जिना आणि लिफ्ट खराब झाली नसेल तर आठवड्यात परत. पन्नास जास्तच वाटतं.

अमेय_ब

ठराव असला तरी उपविधीत नसेल तर कसा चालेल? माझा मुद्दा तोच आहे. उपनिबंधकांकडे जायला हवं कुणीतरी.

जुना_सेक्रेटरी

जा की. आम्ही वाट बघतो.

मेधा_ठाणे

बापरे एका रात्रीत एवढं. थांबा, मापं घेतली. नवऱ्याने टेप धरली, मी लिहून घेतलं.

भिंत एकूण १० फूट. हॉलच्या दाराकडून ८ फूट साडेपाच इंच जाड आहे. आणि शेवटचे २ फूट... काका तुम्ही म्हणालात तसंच, फ्रिज सरकवला तर किचनच्या बाजूला खांदा निघाला! तिथे जाडी दहा-साडेदहा इंच. वर बीम आहे असं वाटतंय, हॉलच्या बाजूने पट्टा उतरलाय, किचनच्या बाजूला माळा आहे म्हणून दिसत नाही. आणि थ्रीडीत पूर्ण १० फूट उघडं दाखवलंय. इंटिरिअरवालीला फोन केला तर म्हणाली, "मॅम तो एक्स्ट्रा प्लास्टर असतो."

पमा

पाच इंच प्लास्टर. किल्ल्याचं आहे का?

स्लॅबखाली_उभा

साडेपाच म्हणजे साडेचार इंच वीट अधिक दोन्ही बाजूंचं प्लास्टर, बरोबर बसतं. साडेदहा म्हणजे नऊ इंचाचा कॉलम अधिक प्लास्टर, तेही बसतं. त्यात तो टोकाला आणि वर बीम. मी न बघता ९० टक्के सांगतो तो कॉलमच आहे, पण ९० टक्क्यांवर कुणी हातोडा घेऊ नये.

तुम्ही स्वतः दोन गोष्टी करून बघू शकता. एक, खाली पार्किंगमध्ये जा. स्टिल्टला कॉलम उघडे असतात. बिल्डिंगच्या बाहेरच्या कडेपासून तुमच्या खिडकीच्या रेषेने माप घ्या आणि वर घरातलं माप त्याच्याशी ताडा, तो खांदा एखाद्या कॉलमच्या बरोबर वर येतो का ते दिसेल. आला तर विषय संपला. नाही आला तरी संपत नाही हं, काही बिल्डिंगमध्ये कॉलम पहिल्या मजल्याच्या बीमवरून सुरू केलेला असतो.

दोन, ड्रिलला बारीक बिट लावून फ्रिजच्या मागे लपेल अशा ठिकाणी एक भोक खांद्यात आणि एक साध्या भिंतीत. इलेक्ट्रिकची पट्टी जिथून जाते ती जागा सोडून, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली नाही. प्लास्टरनंतर लाल भुकटी आली तर वीट. ड्रिल किंचाळायला लागलं, पुढे जाईना आणि राखाडी पांढरट भुकटी आली तर काँक्रीट. सळई लागली असं वाटलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका.

मेधा_ठाणे

केलं! भिंतीत लाल. खांद्यात राखाडी, आणि ड्रिल दीड इंचावर अडलं, नवरा म्हणाला हात झिणझिणला. पार्किंगमध्ये पण गेलो, कॉलम बरोबर खाली आहे, वॉचमनने विचारलं काय मोजताय म्हणून, नवरा म्हणाला वास्तू 😅

मग आता दोन फूट ठेवायचे, आठ फूट काढायचे. पण तेवढं तरी काढता येईल ना? अंगात आता भीतीच बसलीय.

स्लॅबखाली_उभा

बीम नक्की असेल तर आठ फूट काढता येतील. माळ्याच्या बाजूने पण एकदा बघा, माळ्याचा स्लॅब त्या भिंतीत घुसवलेला असतो! हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं मी. किचनमधला लॉफ्ट जर भिंतीवर टेकलेला असेल तर भिंत काढली की लॉफ्ट लटकेल. आधी लॉफ्ट काढावा लागेल, त्यावरच्या पिंपांसकट.

बाकी कागद महापालिकेच्या नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून घ्या. तो घरी येऊन प्लास्टर तासून बघेल, बीम-कॉलमचं स्केच काढेल आणि लिहून देईल की अमुक ते अमुक आठ फूट विटांचं पार्टिशन आहे, ते काढल्याने फ्रेमला बाधा नाही, कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही. न येता फोनवर सही देणारा भेटला तर पैसे वाचतील पण तो कागद कामाचा नाही. महापालिकेची वेगळी परवानगी लागते का हे त्यालाच विचारा, कामाच्या स्वरूपावर आणि शहरावर बदलतं. बाथरूम हलवणं, बाल्कनी आत घेणं, कॉलम-बीमला हात लावणं हे आलं की सोसायटीचा कागद पुरत नाही एवढं नक्की.

शुभांगी_डोंबिवली

आणि डेब्रिसचं? आमच्या दुसऱ्यावाल्यांनी सगळा राडारोडा हॉलच्या कोपऱ्यात रचला होता तीन दिवस.

स्लॅबखाली_उभा

शाब्बास, हेच कुणी लिहीत नाही पत्रात. मेधाची भिंत आठ फूट लांब, बीमखाली साडेआठ फूट उंच धरा. साडेचार इंच वीट आणि दोन्हीकडचं प्लास्टर मिळून तिचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास भरतं. घराचा स्लॅब माणसं, फर्निचर यांच्यासाठी साधारण दर चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. हा सगळा ढीग कोपऱ्यात चार बाय तीन फुटांत रचला तर त्या जागेवर सात-आठ पट होतो. उभी भिंत बीमच्या रेषेत होती, ढीग स्लॅबच्या मध्यावर येतो, हा फरक. म्हणून फोडतील तसं गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली, पंचवीस किलोच्या सत्तर गोण्या धरा. आणि भिंत वरून खाली, एकेक थर काढायची, खालून पाडून धाडकन आडवी करायची नाही. खालच्यांच्या छताचं प्लास्टर त्या दणक्याने सुटतं.

रंगा_कोल्हापूर

सत्तर गोण्या लिफ्टने?

जुना_सेक्रेटरी

लिफ्टने नाही. हेच तर भांडण. आमच्याकडे लिफ्टच्या दारात विटांचा चुरा अडकून तीन दिवस बंद होती, सातव्या मजल्यावरच्या आजी जिन्याने. जिन्याने न्यायचं, पायऱ्यांना गोणपाट घालून, असं लिहा.

अमेय_ब

मी अजूनही म्हणतो हा सगळा अतिरेक आहे. हजारो लोक रोज भिंती पाडतात, बिल्डिंगी पडत नाहीत.

स्लॅबखाली_उभा

अमेय, २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला दामोदर पार्कमधली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात आधाराच्या भागांना हात लावला असा आरोप होता. रोज पाडतात आणि पडत नाही हे खरं, कारण बहुतेक वेळा ती भिंत खरंच पार्टिशन असते. मेधाच्या थ्रीडीत मात्र त्या दहा फुटांतले दोन फूट तसे नव्हते.

अमेय_ब

घाटकोपरचं माहीत होतं, ते विसरलो होतो असं नाही. ठीक आहे, इंजिनियरपर्यंत मान्य. कमिटीने "बघू" म्हणून दोन महिने लटकवायचं, त्याचं काय ते सांगा कुणीतरी.

मेधा_ठाणे

दहा दिवसांनी अपडेट. इंजिनियर येऊन गेले, कॉलम नऊ बाय अठरा इंचाचा निघाला. दोन फुटांतले बाकीचे सहा इंच वीट आहे, पण ते म्हणाले ते पण ठेवा, कॉलमला लागून फोडू नका. लॉफ्ट खरंच भिंतीत घुसवलेला होता! तो आधी काढायचा. आता पत्र असं केलंय, शेवटचं बघा.

"प्रति,
मा. सचिव, (सोसायटीचे नाव), ठाणे.

विषय: सदनिका क्र. २०३ मधील हॉल व स्वयंपाकघर यांमधील विटांच्या भिंतीचा ८ फूट भाग काढण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
आमच्या सदनिकेतील हॉल व स्वयंपाकघर यांमध्ये १० फूट लांबीची भिंत आहे. त्यापैकी हॉलच्या दाराकडील ८ फूट भाग साडेचार इंची विटांचा आहे. तो भाग व त्याला लागून असलेला स्वयंपाकघरातील माळा काढण्याची आमची इच्छा आहे. खिडकीकडील उरलेल्या २ फुटांत आरसीसी कॉलम असून तो भाग व भिंतीवरील बीम यांना कोणताही धक्का लावला जाणार नाही. काढायचा भाग सोबतच्या नकाशावर लाल रेघांनी दाखवला आहे.

महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरांनी प्रत्यक्ष पाहणी करून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. भिंत काढतेवेळी ते स्वतः हजर राहतील.

काम सुरू करण्यापूर्वी सदनिका क्र. १०३ व ३०३ यांची त्या सदस्यांसह पाहणी करून फोटोंचा एक संच सोसायटीस देऊ. आमच्या कामामुळे त्यांचे नुकसान झाल्याचे आढळल्यास दुरुस्ती आमच्या खर्चाने करू.

तोडफोड दोन दिवस, सकाळी १० ते १ व दुपारी ३ ते ६ या वेळेत होईल. राडारोडा त्याच दिवशी गोण्यांत भरून जिन्याने खाली नेऊन गाडीने हलवला जाईल, लिफ्टचा वापर केला जाणार नाही. गॅसची पाइपलाइन हलवायची असल्यास ते काम गॅस कंपनीकडूनच करून घेऊ.

हा अर्ज येत्या कमिटी सभेत ठेवून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत: नकाशा, इंजिनियरचा दाखला, हमीपत्र, कॉन्ट्रॅक्टर व कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती."

पमा

"इ." गेलं. मी समाधानी.

जुना_सेक्रेटरी

उत्तम. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. अमेयना हवं ते उत्तर त्या पोचमध्ये आहे. पोच नसेल तर अर्ज आलाच नाही असं म्हणता येतं, आणि तसं म्हणणारे मी पाहिलेत. एकच दुरुस्ती, "रंगकाम, फरशी" काढलंत ते ठीक, पण फरशी करणार असाल तर तीही लिहा, बाथरूमची असेल तर नक्कीच.

स्लॅबखाली_उभा

"दोन दिवस" लिहिलंय त्यात माळा धरलाय ना? तो काँक्रीटचा असेल तर एक दिवस त्यालाच जाईल. तीन लिहा.

मेधा_ठाणे

तीन केलं. पोच मिळाली, काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "चौथ्या मजल्यावाल्यांना याची झेरॉक्स देऊ का?" सभा रविवारी आहे. डिपॉझिट पंचवीस हजार म्हणतायत, ठराव कुठाय विचारलं तर शोधतो म्हणाले.

अमेय_ब

बघा!!

निखिल_वाकड

मेधा, थ्रीडीत कॉलम आला का आता? तिथे काय करणार?

मेधा_ठाणे

आला. इंटिरिअरवाली म्हणते त्याला लाकडी पट्ट्या लावून "फीचर" करू. सासूबाई म्हणतात फ्रिज होता तिथेच ठेवा.